सिट अँड रीच २४ वरून १५ वर, शटल रनही मंदावला: सातवीतल्या मुलाचं नेमकं काय घसरलं?

मनवा_सांगली
नमस्कार. मुलगा सातवीत आहे, साडेबारा वर्षांचा. शाळेने काल फिटनेस कार्ड दिलं. बसून पुढे वाकायची चाचणी, म्हणजे सिट अँड रीच, मागच्या वर्षी २४ सेंमी होती, यंदा १५. शेरा 'कमी'. शटल रन मागच्या वर्षी १२.१ सेकंद, यंदा १२.९. शेरा पुन्हा 'कमी'.

मुलगा रोज संध्याकाळी दीड तास मैदानावर असतो, मोबाइल जेमतेम अर्धा तास. एका वर्षात ९ सेंमी लवचिकता गेली कुठे? आज त्याने स्वतःच विचारलं, "आई, मी म्हातारा झालो का?" डॉक्टरकडे न्यावं का?

आप्पा_६४
ताई, घाबरू नका पण दुर्लक्षही करू नका. सिट अँड रीच कमी म्हणजे कंबर आखडलेली. आज पोराची पाठ ताठ, उद्या चाळिशीत कंबरदुखी. शटल रन कमी म्हणजे स्टॅमिना कमी. दप्तराचं ओझं आणि वाकून मोबाइल, दुसरं काही नाही. आम्ही पाचवीपासून रोज बारा सूर्यनमस्कार घालायचो. सुरू करा, महिन्यात २४ च्या पुढे जाईल.

भरती_२६
शटल रन आता पोलीस भरतीत पण आला का? मी तर १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक एवढीच तयारी करतोय. जीआर कुठे आहे?

खडूची_रेघ
भरती भाऊ, इथे शाळेचं चाललंय. तुझं जे चाललंय तेच चालू दे.

मनवाताई, मी सातारा जिल्ह्यात हायस्कूलला क्रीडाशिक्षक आहे, तेवीस वर्षं झाली. डॉक्टर राहू द्या. आधी दोन गोष्टी सांगा. मुलाची उंची या वर्षात किती वाढली? आणि सिट अँड रीचची पेटी मागच्या वर्षीचीच होती की नवी? शाळेत जाऊन बघता आलं तर एवढंच बघा: तळपाय जिथे टेकतात तिथे वरच्या पट्टीवर कोणता आकडा आहे.

हे विचारायचं कारण असं, की पट्टीचा शून्य सगळ्या पेट्यांवर एकाच जागी नसतो. पेटी साधारण फूटभर उंच असते, तिच्यावरची पट्टी मुलाच्या बाजूला बाहेर आलेली असते. कारण बऱ्याच मुलांची बोटं तळपायापर्यंत पोचतच नाहीत, आणि त्यांचाही आकडा मोजता आला पाहिजे. आता ही पट्टी किती बाहेर काढायची, हे पेटी बनवणाऱ्यावर. काही पेट्यांवर तळपायाच्या रेषेत २३ येतात, काहींवर १५, काहींवर २६. काही जण तळपायाशीच शून्य धरतात आणि अलीकडचं उणे लिहितात. म्हणून नुसता '१५' हा आकडा मला काहीच सांगत नाही. २३ च्या पेटीवर १५ म्हणजे बोटं तळपायाच्या ८ सेंमी अलीकडे थांबली. १५ च्या पेटीवर १५ म्हणजे बोटं बरोबर तळपायाला टेकली. दोन मुलांत जमीन-अस्मानाचा फरक, आणि कार्डावर आकडा तोच.

ऑस्टिनकर
हे वाचून आमच्या इथलं कोडं सुटलं! इथे टेक्सासात शाळेत तिसरीपासून फिटनेसग्राम असतं. त्यात एका वेळी एकच पाय सरळ ठेवून, दुसरा गुडघ्यात दुमडून वाकतात. मुलग्यांना सगळ्या वयांत ८ इंच आले की 'ठीक' म्हणतात. तळपायाची रेघ ९ इंचावर. म्हणजे पायाची बोटं धरता आली नाहीत, एक इंच कमी पडला तरी मुलगा ठीकच! मी उगाच लेकाला वर्षभर "अंगठे धर, अंगठे धर" करत होतो.

मुलींना मात्र जास्त लागतं. अकरा ते चौदा वयाला १० इंच, पंधराच्या पुढे १२. आणि १२ च्या वर कितीही गेलं तरी १२ च लिहितात.

आप्पा_६४
पेटी वगैरे सगळं खरं असेल, पण ताईंच्या मुलाचा आकडा खाली आलाय हे तर दिसतंय ना. शाळा इतकं चुकेल?

मनवा_सांगली
सर, आज शाळेत गेले होते. तुमचा प्रश्न विचारल्यावर ऑफिसमधले लोक जरा चमकले, पण पेटी दाखवली. पेटी नवी आहे, पत्र्याची, जूनमध्ये आलेली. तळपाय टेकतात तिथे आकडा १५. जुनी लाकडी पेटी अडगळीच्या खोलीत होती, शिपाईमामांनी शोधून काढली. तिच्यावर तळपायाशी २३!

उंची जूनमध्ये १६१. मागच्या जूनमध्ये १५२ होती.

खडूची_रेघ
बघा. आता दोन्ही आकडे एकाच भाषेत लिहू. तळपायाला शून्य म्हणा. मागच्या वर्षी २३ च्या पेटीवर २४, म्हणजे तळपायाच्या १ सेंमी पलीकडे. यंदा १५ च्या पेटीवर १५, म्हणजे बरोबर तळपायावर. नऊ नाही, एक सेंमी घसरला. आणि एक सेंमी हा या चाचणीत बदलच धरत नाहीत. त्याच मुलाला दुसऱ्या दिवशी बसवलं तरी एवढा फरक पडतो.

शेरा 'कमी' कुठून आला, तर जुन्या पेटीचा तक्ता नव्या पेटीला लावला. यंदा अख्ख्या वर्गाचा आकडा सात-आठने खाली आला असेल. आणखी दोन-तीन पालकांना विचारा. सगळीच पोरं एकदम आखडत नसतात, सगळ्यांचा आकडा पडला की पेटीकडे बघायचं.

उंचीचं बोलू. वर्षात ९ सेंमी म्हणजे पोरगं भर वाढीत आहे. या वयात आधी पाय लांब होतात, धड मागाहून येतं. पाय लांबले की पेटी लांब गेली, आणि वाकणारं धड व हात तेवढे वाढले नाहीत. मांडीमागचा स्नायू जसाच्या तसा असला तरी मुलग्यांचा आकडा बारा-तेराच्या आसपास थोडा उतरतो, मग सावरतो. तुमच्या मुलाने या वर्षात शून्य गाठलं, मला तर बरं वाटलं.

निळाई
मी फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्यात. सरांशी बहुतेक सहमत आहे, पण आप्पांच्या पहिल्या प्रतिसादावर बोलायचं होतं.

सिट अँड रीच कंबरेची चाचणी नाही. बसून वाकताना बोटं किती पुढे जातात हे मुख्यतः मांडीच्या मागच्या शिरा किती सैल आहेत त्यावर ठरतं. (शिरा म्हणजे स्नायू, बोलीत म्हणतात तसं.) कमरेचे मणके किती वाकतात हे या आकड्यातून नीट कळत नाही. एखाद्याची कंबर फळीसारखी ताठ पण मांडी सैल, तरी आकडा छान येतो. उलटंही होतं. कंबर बघायची तर बाजूने बघा: वाकल्यावर पाठीचा कणा सगळीकडे गोल होतो की खालचा भाग सपाटच राहतो. हे कार्डावर येत नाही. आणि आज आकडा कमी म्हणून चाळिशीत कंबर दुखणार, असं सांगता येत नाही.

घरी एक करून बघा. मुलाला भिंतीला पाठ, डोकं आणि कुल्ले टेकवून बसवा, पाय सरळ. खांदे भिंतीपासून न सोडता हात समोर. बोटांच्या टोकापासून तळपायापर्यंत किती अंतर राहतं ते मोजा. हे वाकायच्या आधीचं अंतर. ते प्रत्येकाचं वेगळं असतं, हाडांच्या लांबीवर ठरतं. मग वाकून बोटं किती पुढे सरकली ते मोजा. लांब पाय आणि आखूड हात असलेल्या मुलावर साध्या पेटीत जो अन्याय होतो तो असं मोजलं की कळतो.

गंधाली
माझा उलट प्रश्न. लेक दहावीत, भरतनाट्यम सात वर्षं. तिचं तळपायाच्या पुढे १४ सेंमी जातं, शेरा 'उत्कृष्ट', शाळेत टाळ्या. पण वर्षात दोनदा घोटा मुरगळलाय, आणि कोपरं मागच्या बाजूला वाकतात. मग उत्कृष्ट कसलं? मी शाळेत बोलले तर म्हणाले, "मॅडम, तुमच्या मुलीचं तर सर्वांत चांगलं आहे."

निळाई
गंधाली, तुमची शंका रास्त आहे. ऑस्टिनकरांनी १२ वर थांबतात म्हणून सांगितलं ते याच कारणाने मला पटतं. एका हद्दीनंतर जास्त म्हणजे चांगलं असं राहत नाही. कोपरं, गुडघे मागे जातात, घोटा वारंवार मुरगळतो, म्हणजे तिचे सांधेच सैल असावेत. तिला ताणायचे नाही, बळ वाढवायचे व्यायाम हवेत: एका पायावर उभं राहणं, टाचा उचलणं. प्रत्यक्ष कुणाला तरी दाखवा, इथे लिहून होणार नाही.

मनवा_सांगली
भिंतीचा प्रयोग केला. माझा मुलगा आणि त्याचा चुलतभाऊ, दोघं सातवीत. भिंतीला बसल्यावर माझ्या मुलाचं अंतर २२ सेंमी, चुलतभावाचं १७. चुलतभावाचा शेरा 'चांगला' आहे. पण दोघांची बोटं किती सरकली म्हणाल तर माझ्या मुलाची २२, त्याची २१! म्हणजे वाकण्यात दोघं सारखेच, फरक निव्वळ हाडांचा. पोरगं खूश आहे. "मी म्हातारा नाही, मी लांब आहे" म्हणतोय.

एक गोष्ट मात्र दिसली. सकाळी उठल्या उठल्या केलं तर तळपायाला दीड सेंमी कमी पडलं. संध्याकाळी मैदानावरून आल्यावर दोन सेंमी पुढे. हे कसं?

खडूची_रेघ
अंग गरम नसलं की असंच. शाळेत पहिल्या तासाला प्रार्थनेनंतर लगेच बसवलेलं पोर आणि खो-खो खेळून आलेलं पोर यांची तुलना होत नाही. आमच्याकडे मी आधी मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावतो, सगळ्यांना सारख्या.

आणि चाचणी घेताना काय बिघडतं तेही सांगतो, कार्ड बघण्यापेक्षा ते कामाचं आहे. बूट काढलेले हवेत. गुडघा उचलला की दोन-तीन सेंमी फुकट मिळतात, म्हणून दुसऱ्या पोराने हात गुडघ्यावर हलका ठेवायचा, दाबायचा नाही. एक हात दुसऱ्यावर, मधली बोटं बरोबर एकावर एक. पोरं हळूच एक हात पुढे सरकवतात, आणि घाईत आपण तोच आकडा वाचतो. झटका मारून पट्टीला चापट मारायची नाही. सावकाश जायचं, दोन सेकंद थांबायचं, थांबलं तिथला आकडा. ४५ मिनिटांच्या तासात साठ पोरं बसवायची म्हटल्यावर यातलं किती पाळलं जातं, हे मी सांगायला नको.

आप्पा_६४
सर, मान्य. पण शटल रनचं काय? तिथे पेटी नाही. सेकंद म्हणजे सेकंद.

ऑस्टिनकर
शटल रनमध्ये सेकंद? आमच्याकडे तर फेऱ्या मोजतात. बीप वाजते, पुढच्या बीपच्या आत पलीकडच्या रेषेवर पोचायचं, बीप हळूहळू जवळ जवळ येत जाते. दोनदा चुकलं की बाहेर. मुलाच्या ३४ फेऱ्या झाल्या. १२.१ हा काय प्रकार आहे?

खडूची_रेघ
नाव एक आणि चाचण्या दोन, इथेच घोटाळा होतो. ऑस्टिनकर, तुमची ती बीपवाली. माँट्रियलच्या ल्युक लेजे यांनी १९८० च्या दशकात तिची पद्धत बसवली. २० मीटरवर ये-जा. त्यांच्या पद्धतीत पहिल्या मिनिटाला वेग ताशी साडेआठ किलोमीटर, म्हणजे एका फेरीला साधारण साडेआठ सेकंद, आणि दर मिनिटाला ताशी अर्धा किलोमीटर वाढ. पोर सहा-सात मिनिटं टिकतं तेव्हा दम कळतो. तिचं १५ मीटरचंही रूप तुमच्याकडे चालतं, तेव्हा ३४ फेऱ्या कोणत्या अंतरावरच्या ते विचारून घ्या.

मनवाताईंच्या मुलाची ती ४ गुणिले १० मीटर. दोन रेषा दहा मीटरवर. पलीकडच्या रेषेवर लाकडाचे दोन ठोकळे. पळत जायचं, एक उचलायचा, परत येऊन रेषेमागे ठेवायचा, फेकायचा नाही. पुन्हा जायचं, दुसरा घेऊन रेषा ओलांडायची. एकूण ४० मीटर, बारा-तेरा सेकंदांचं काम. आप्पा, बारा सेकंदांत स्टॅमिना कुठला दिसणार! यात दिसतं ते सुटणं, वेगात असताना पाय रोवून थांबणं, खाली वाकणं आणि वळून पुन्हा सुटणं. कबड्डीतल्या रेडरला लागतं ते. दम बघायचा तर ६०० मीटर आहे, तेच खेलो इंडियाच्या शाळांसाठीच्या यादीतही आहे. त्या यादीत सिट अँड रीच आहे, शटल रन नाही. तो शाळा आपापल्या घेतात.

आणि आप्पा, सेकंद म्हणजे सेकंद नसतो. ताई, तीन गोष्टी विचारून बघा: दोन्ही वर्षी जमीन कोणती होती, ठोकळे होते की नुसता रेषेला हात लावायचा होता, आणि रेषा कुणी, कशाने मोजल्या.

मनवा_सांगली
मुलाला विचारलं. मागच्या वर्षी मातीवर, व्हॉलीबॉलच्या कोर्टात, बूट घालून. यंदा पावसामुळे सभागृहात फरशीवर, अनवाणी. ठोकळे दोन्ही वर्षी होते. यंदा सरांनी टेपने मोजलं. मागच्या वर्षी "आडव्या रेषा होत्याच, तिथेच पळालो" म्हणतो.

खडूची_रेघ
व्हॉलीबॉलचं कोर्ट ९ मीटर रुंद असतं! बाजूच्या एका रेषेपासून दुसऱ्या रेषेपर्यंत पळवलं असेल तर मागच्या वर्षी मुलगा ४० नाही, ३६ मीटर पळाला. ते चार मीटर त्याला पाऊण ते एक सेकंद तरी घेतील. म्हणजे १२.१ चे १२.९ होण्यात सगळा हिशोब लागतो. पण हा माझा अंदाज. मागच्या वर्षीच्या सरांनाच विचारावं लागेल.

अजून एक. आमच्या बी.पी.एड.च्या पुस्तकांत अमेरिकेच्या १९५८ च्या चाचणीचे तक्ते असतात, त्यातला शटल रन ३० फुटांचा. ३० फूट म्हणजे ९.१४ मीटर. १० मीटर पळवून त्या तक्त्यात आकडा बघितला तर बरं पोरगंही 'कमी'त जातं. तुमच्या कार्डावरचा शेरा कुठल्या तक्त्यातून आला, कार्डावर लिहिलंय का?

मनवा_सांगली
नाही. नुसतं 'कमी', लाल अक्षरांत. मागच्या वर्षीचे सर बदली होऊन गेले. फोन लागला, पण त्यांना आठवत नाही.

निळाई
सर, अंतराचं पटतं, पण सगळं त्याच्यावर ढकलू नका. अनवाणी फरशीवर मुलं थांबताना घसरतात, वळायच्या आधी वेग कमी करतात. आणि वर्षात ९ सेंमी वाढलेल्या मुलाला स्वतःच्या पायांचा अंदाज नवा असतो. काहींना हे जाणवतं, काहींना अजिबात नाही. मनवा, तो वळताना दर वेळी एकच पाय रोवतो का, तेवढं बघा.

खडूची_रेघ
वाढीत पोरं वेंधळी होतात हे मला फारसं पटत नाही, माझी पोरं याच वयात खो-खोत चमकतात. पण असो, बघायला हरकत नाही.

मनवा_सांगली
रविवारी शाळेच्या मैदानावर आम्हीच केलं. टेपने १० मीटर, चुन्याची रेघ, मातीवर, बुटांत. ठोकळ्यांऐवजी दोन कंपास पेट्या. पहिल्या वेळी १२.८, पाच मिनिटं थांबून दुसऱ्या वेळी १२.४. नवऱ्याने आणि मी दोन मोबाइलवर वेळ घेतली, तर एकाच पळण्यात आमच्या दोघांत ०.३ चा फरक! मग कुठला खरा धरायचा?

आणि निळाईताई, हो. दर वेळी उजवाच पाय रोवतो, डावीकडेच वळतो. डाव्या पायावर वळ म्हटलं तर चार पावलं आधीच मंदावतो.

खडूची_रेघ
दोन वेळांपैकी चांगली धरतात, म्हणून १२.४. हातातल्या घड्याळाला दोन-तीन दशांश इकडेतिकडे होणारच, बोट दाबायला लागतो तेवढा वेळ. म्हणून तीन दशांशांच्या आतल्या फरकाला मी प्रगतीही म्हणत नाही आणि घसरणही. शाळेत यंदा एकच वेळ दिली होती का?

मनवा_सांगली
एकच.

भरती_२६
सर, मला पण १०० मीटरला घरच्या टायमिंगपेक्षा ग्राउंडवर जास्त लागतात. मित्र मोबाइलवर घेतो. तेच कारण?

खडूची_रेघ
मित्र तू सुटल्यावर घड्याळ दाबतो आणि तू पोचायच्या आधीच थांबवतो. त्याला तुझ्या शेजारी नाही, शेवटच्या रेषेवर उभा कर, आणि आवाजाऐवजी हात खाली पडलेला बघून दाबायला सांग.

आप्पा_६४
मी काल घरी चटईवर बसून बघितलं. तळपायाला ११ सेंमी कमी पडतात. सूर्यनमस्कार रोज घालतो. आता काय म्हणायचं?

निळाई
आप्पा, भिंतीला बसून आधीचं अंतर मोजा, मग बोलू.

मनवा_सांगली
शेवटचं कळवते. शाळेने पेटीवर 'तळपाय = १५' अशी पट्टी चिकटवली आणि आमच्या वर्गाचे सिट अँड रीचचे शेरे काढून टाकले. अख्खा वर्ग खाली आला होता, एकतीस जणांत सव्वीस 'कमी'! शटल रनचा शेरा मात्र तसाच ठेवलाय, म्हणाले पुढच्या सत्रात माती सुकल्यावर पुन्हा घेऊ. मुलगा आता अंगणात डाव्या पायावर वळायचा सराव करतोय, आणि माझ्या कुंड्या पडतायत.